पेअर्ड टी की अनपेअर्ड टी: निकालाच्या स्लाइडवर काय ठेवाल आणि एक्झामिनरला काय सांगाल

नर्सिंगच्या डिझर्टेशनमध्ये ‘शिक्षण दिलं, मग ज्ञान वाढलं का’ या धाटणीचा विषय फार येतो. दोन गट, प्री-टेस्ट, मध्ये टीचिंग प्रोग्रॅम, मग पोस्ट-टेस्ट. अशा कामाच्या व्हायव्हात गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. निकालाच्या स्लाइडवर पेअर्ड टी टेस्टचा मोठा आकडा झळकत असतो आणि एक्झामिनर विचारतात, ‘मग कंट्रोल ग्रुपचं काय झालं?’

दोन्ही टेस्टची नावं सारखी, दोन्हींतून टी आणि पी निघतात, म्हणून त्या एकमेकींच्या जागी चालतील असं वाटतं. पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पेअर्ड टी विचारते: याच माणसांमध्ये आधी आणि नंतर फरक पडला का? अनपेअर्ड टी विचारते: या गटात आणि त्या गटात फरक आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कितीही ठणठणीत असलं तरी दुसऱ्याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. मधुमेही रुग्णांना पायांच्या काळजीबद्दल शिकवायचं, प्रश्नावली ३० गुणांची, प्रत्येक गटात ३० रुग्ण. एक्सपेरिमेंटल ग्रुपची सरासरी १२.४ वरून १९.६ वर गेली, म्हणजे ७.२ गुणांची वाढ. वाढीचं स्टँडर्ड डेव्हिएशन ४.०. पेअर्ड टी येतो ९.८६. बहुतेक जण इथेच थांबतात आणि स्लाइडवर लिहितात, ‘टीचिंग प्रोग्रॅम परिणामकारक ठरला’.

आता कंट्रोल ग्रुपकडे बघा. त्यांना काहीच शिकवलेलं नाही, तरी सरासरी १२.१ वरून १४.३ झाली. वाढ २.२, स्टँडर्ड डेव्हिएशन ३.५, पेअर्ड टी ३.४४, आणि पी ०.०१ पेक्षा कमी. म्हणजे न शिकवताही ‘सिग्निफिकंट’ वाढ! यात नवल नाही. तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा हातात आली की माणूस मध्यंतरी विचार करून आलेला असतो, घरी कुणाला विचारून आलेला असतो, वॉर्डातल्या सिस्टरांकडून चार गोष्टी ऐकलेल्या असतात. पेअर्ड टीला हे सगळं आणि तुमचं शिकवणं वेगळं करता येत नाही. तिच्या लेखी ती नुसती वाढ आहे.

शिकवण्याचा वाटा शोधायचा तर दोन गटांच्या वाढींची तुलना हवी. ७.२ मधून २.२ गेले, उरले ५.०. प्रत्येक रुग्णाची वाढ काढून त्या वाढींवर अनपेअर्ड टी लावली तर टी येतो ५.१५, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ३.१ ते ६.९. हा आकडा ९.८६ पेक्षा लहान दिसतो म्हणून विद्यार्थी तो मागच्या टेबलात ढकलतात. माझ्या मते मुख्य स्लाइडवर हाच हवा, कारण हायपोथेसिसमध्ये तुम्ही ‘दोन गटांत फरक असेल’ असं लिहिलेलं असतं. स्लाइड करायला बसण्याआधी हायपोथेसिसचं वाक्य मोठ्याने वाचा. त्यात दोन गट असतील, तर निकालही दोन गटांमधला पाहिजे.

याहून फसवा एक प्रकार आहे. समजा एक्सपेरिमेंटल ग्रुपची वाढ १.५ आणि कंट्रोलची १.३, दोन्हीकडे स्टँडर्ड डेव्हिएशन ३.८. पहिल्याचा पेअर्ड टी २.१६ येतो आणि दुसऱ्याचा १.८७. तीस जणांसाठी टेबलमधली किंमत २.०४५ आहे, म्हणून पहिला सिग्निफिकंट, दुसरा नाही. ‘बघा, शिकवलेल्यांत फरक पडला, न शिकवलेल्यांत नाही पडला’ हे वाक्य इथे तोंडावर येतं, आणि ते चूक आहे. दोन वाढींमधला फरक फक्त ०.२ आहे आणि त्याचा टी जेमतेम ०.२. एक आकडा रेषेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे पडला, एवढंच झालं. गट एकमेकांपेक्षा वेगळे आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही.

कुठली टेस्ट लावली आहे हे एक्झामिनरना कळतं ते डिग्रीज ऑफ फ्रीडमवरून. तीस जणांच्या एका गटाचा पेअर्ड टी असेल तर २९, दोन्ही गट मिळून नेहमीचा अनपेअर्ड टी असेल तर ५८. स्लाइडवर ‘दोन गटांची तुलना’ असं शीर्षक आणि खाली २९ असेल, तर प्रश्न आलाच म्हणून समजा. मध्येच दोन रुग्ण सोडून गेले असतील तर हा आकडाही बदलायला हवा. सॅम्पलच्या स्लाइडवर ६० रुग्ण आणि निकालात ५६ रुग्ण असतील तर उरलेले चार कुठे गेले, हे आपणहून सांगा.

स्लाइड अशी मांडावी: वरच्या ओळीत निष्कर्ष पूर्ण वाक्यात, ‘शिकवलेल्या गटाची वाढ न शिकवलेल्या गटापेक्षा ५ गुणांनी जास्त’. खाली छोटं टेबल, दोन गटांच्या दोन ओळी आणि प्री, पोस्ट, वाढ असे तीन रकाने. टेबलाखाली अनपेअर्ड टी, डिग्रीज ऑफ फ्रीडम, पी आणि इंटरव्हल. बस्स. दोन्ही पेअर्ड टी शेवटच्या आभाराच्या स्लाइडनंतर एका जादा स्लाइडवर ठेवा, विचारलं तर लगेच उघडता येते.

उत्तराची सुरुवात थेट करा. ‘सर, पेअर्ड टी दोन्ही गटांत सिग्निफिकंट आहे, म्हणून मी निष्कर्ष त्यावर काढलेला नाही. दोन गटांच्या वाढीतला फरक ५ गुणांचा आहे, तो टेबल क्रमांक अमुकमध्ये आहे.’ मॅडमनी पुढे विचारलं की गट सुरुवातीला सारखे होते का, तर १२.४ आणि १२.१ हे प्री-टेस्टचे आकडे दाखवा, पण तेवढ्यावर सुटका नाही. वय, शिक्षण, आजाराची वर्षं यांतही गट जवळजवळ सारखे आहेत का, ते डेमोग्राफिक टेबलातून सांगता आलं पाहिजे. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नसतील आणि एक वॉर्ड एका गटाला, दुसरा वॉर्ड दुसऱ्या गटाला दिलेला असेल, तर तसं कबूल करा. मग ५ गुणांतला काही वाटा वॉर्डांमधल्या फरकाचाही असू शकतो.

ज्यांच्याकडे कंट्रोल ग्रुपच नाही, त्यांच्या हाती पेअर्ड टीच आहे आणि ती वापरण्यात चूक काही नाही. फक्त भाषा आवरा. ‘कार्यक्रमानंतर ज्ञान वाढलेलं दिसलं’ एवढं म्हणता येतं, ‘कार्यक्रमामुळे वाढलं’ असं खात्रीने म्हणता येत नाही. हा फरक निष्कर्षाच्या स्लाइडवर, सारांशात आणि तोंडी उत्तरात तिन्हीकडे एकसारखा ठेवा, कारण एक्झामिनर प्रबंधाची प्रत समोर उघडी ठेवूनच बसलेले असतात.