सर्दीची गोळी आणि तापाची गोळी: पॅरासिटामॉल दोनदा पोटात कसे जाते

जर्मन वैद्य जोसेफ फॉन मेरिंग यांनी १८९३ मध्ये पॅरासिटामॉलविषयी लिहिले खरे, पण पुढची पन्नासेक वर्षे त्याचेच भावंड असलेले फेनासेटिन हे वेदनाशामक अधिक चालले. फेनासेटिनचे शरीरात पॅरासिटामॉल होते आणि वेदना त्यानेच शमते, हे ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखवल्यावर चित्र पालटले. पुढे फेनासेटिन मूत्रपिंडाला घातक ठरले, ॲस्पिरिन पोटाला झोंबते व लहान मुलांना धोक्याचे असते हे लक्षात आले, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांत ताप व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल सर्रास घातले जाऊ लागले. नाक मोकळे व्हावे म्हणून घातलेले फेनिलेफ्रिन आणि शिंका आवरणारे क्लोरफेनिरामिन हे त्याचे नेहमीचे सोबती.

अडचण अशी की या गोळीला लोक ‘सर्दीची’ म्हणून ओळखतात. त्यामुळे ताप चढला की वेगळी ‘तापाची’ गोळी घेण्यात कुणाला काही गैर वाटत नाही. समजा, एका प्रौढ व्यक्तीने ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली मिश्र गोळी दिवसातून चार वेळा घेतली, म्हणजे २००० मिलिग्रॅम झाले. तिच्याबरोबर ६५० मिलिग्रॅमची साधी गोळीही चार वेळा घेतली, म्हणजे आणखी २६०० झाले. एकूण ४६०० मिलिग्रॅम, तर निरोगी प्रौढासाठी २४ तासांची कमाल मर्यादा साधारणपणे ४००० मानली जाते. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा मद्यपान नियमित असेल, तर ती आणखी खाली येते. दोन्ही स्ट्रिपवरच्या सूचना या व्यक्तीने तंतोतंत पाळल्या होत्या, हे विशेष.

म्हणून ठळक अक्षरांतले व्यापारी नाव सोडून मागच्या बाजूचा ‘प्रत्येक गोळीत’ या शब्दांनी सुरू होणारा मजकूर वाचावा, आणि प्रत्येक घटकापुढचे मिलिग्रॅम पाहावेत. एकाच नावाच्या दोन प्रकारांत घटक निराळे असू शकतात. काही देशांत याच औषधाला ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही नावे एकाच रसायनाच्या लांबलचक नावातून निघाली आहेत. गरम पाण्यात मिसळायची पूड आणि खोकल्याचे पातळ औषधही याच नजरेने तपासावे. स्ट्रिप कापून मजकूर अर्धाच उरला असेल, तर औषधविक्रेत्याला विचारल्याशिवाय दुसरी गोळी घेऊ नये.

मर्यादा ओलांडल्याचे कळले तर त्रास होण्याची वाट पाहत बसू नये. पॅरासिटामॉलपासून यकृतात तयार होणाऱ्या विषारी घटकाला शरीरातलेच ग्लुटाथायोन हे द्रव्य निष्प्रभ करते, पण त्याचा साठा संपल्यावर पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी केवळ मळमळ जाणवते, कधी तेवढेही नाही. यकृताच्या बिघाडाच्या खुणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतात. एकाच वेळी मोठी मात्रा घेतली गेली असेल, तर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडतो. दोन-तीन दिवस थोडे थोडे जास्त घेतले गेले असेल, तर रक्ततपासणीतील पॅरासिटामॉलच्या पातळीवरून धोक्याचा नेमका अंदाज येत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जाताना दोन्ही स्ट्रिप आणि गोळ्या घेतल्याच्या वेळा सोबत न्याव्यात.