टॅरोतली कोर्ट कार्ड्स आणि गुपचूप चाहता

टॅरोच्या 78 पानांपैकी 16 पानं माणसांची असतात, त्यांना कोर्ट कार्ड्स म्हणतात. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत गुलाम, राणी, राजा असे तिघं, इथे पेज, नाइट, क्वीन, किंग असे चौघं, आणि ते वाँड्स, कप्स, सोर्ड्स, पेंटॅकल्स या चार रंगांत. आपल्यावर कोण गुपचूप मरतंय हे विचारायला कोणी आलं की रीडर आधी याच पानांकडे बघतात, कारण बाकीची पानं प्रसंग सांगतात आणि ही माणूस सांगतात, असं मानलं जातं.

दिसण्यावरून ओळखायचा जो नियम सगळीकडे फिरतो तो बराचसा ए. ई. वेट यांच्याकडून आलाय. 1909 साली लंडनमध्ये त्यांचा डेक निघाला, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. वेटने लिहिलं की खूप गोरा, पिवळसर किंवा तांबूस केसांचा, निळ्या डोळ्यांचा माणूस म्हणजे वाँड्स. फिकट तपकिरी केस आणि करडे किंवा निळे डोळे म्हणजे कप्स. गडद तपकिरी केस म्हणजे सोर्ड्स. आणि काळे केस, काळे डोळे, सावळा रंग म्हणजे पेंटॅकल्स. पण हे त्याने अनोळखी माणूस शोधायला लिहिलंच नव्हतं, ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याच्यासाठी योग्य पान निवडायला लिहिलं होतं. म्हणजे माणूस आधी माहीत, पान नंतर. लोकांनी ते उलटं केलं, पान आधी काढायचं आणि मग माणूस शोधायचा.

आता हा नियम पुण्यात किंवा नागपुरात लावून बघा, अख्खं ऑफिस पेंटॅकल्स निघेल 😄 म्हणून इथे केस-डोळे सोडून स्वभाव धरलेला बरा. वेटनेही ही सूट दिलीच होती, की खूप सावळा पण भरपूर एनर्जी असलेला माणूस असेल तर त्याला पेंटॅकल्सपेक्षा सोर्ड्स द्या. ढोबळ हिशोब असा की वाँड्स उत्साही आणि उतावळे, कप्स हळवे, सोर्ड्स तोंडाने तेज आणि मनातलं पटकन न दाखवणारे, पेंटॅकल्स कामाचे, पैशाअडक्याला नीट. पेज म्हणजे वयाने किंवा अनुभवाने लहान, मुलगा असो की मुलगी. वय मात्र या पानांवरून फार ताणू नये, कारण वेटकडे चाळिशीपुढच्या पुरुषाला नाइट आणि त्याहून लहानाला किंग, आणि आजचे बहुतेक रीडर याच्या बरोबर उलटं धरतात.

चाहत्याच्या बाबतीत सगळ्यात कामाची खूण म्हणजे नाइटचा घोडा. सोर्ड्सचा घोडा भरधाव सुटलेला, वाँड्सचा उधळलेला, कप्सचा सावकाश चालणारा आणि पेंटॅकल्सचा जागेवर उभा. माणूस कधी आणि कसा बोलेल हे यावरून वाचतात.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीच्या डेस्कवर दर सोमवारी नाव न लिहिलेलं चॉकलेट येतंय. 16 कोर्ट कार्ड्स वेगळी काढून पिसायची आणि एक ओढायचं, मग उरलेल्या 62 मधून दोन, एक ओळख कुठली यासाठी आणि एक तो का लपतोय यासाठी. समजा आलं नाइट ऑफ पेंटॅकल्स, थ्री ऑफ पेंटॅकल्स, एट ऑफ सोर्ड्स. पहिल्यात उभा घोडा आणि मागे नांगरलेलं शेत, म्हणजे नेमाने वागणारा, घाई न करणारा माणूस, दर सोमवारचं चॉकलेट याच्याशी जुळतं. दुसऱ्यात तिघं मिळून चर्चच्या बांधकामावर बोलतायत, म्हणजे ओळख कामातून. तिसऱ्यात डोळे बांधलेली बाई तलवारींच्या मधे उभी, म्हणजे स्वतःच्याच भीतीत अडकलाय. इथपर्यंत वाचन ठीक. पण "म्हणजे अकाउंट्समधला तो" असं म्हटलं की घसरलंच, कारण शांत आणि नेमाने वागणारे लोक प्रत्येक टीममध्ये दोन-चार असतातच.

अशी वर्णनं आपल्याला पटकन पटतात, हे मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररने 1948 साली दाखवलं. 39 विद्यार्थ्यांना त्याने स्वभावाचं एकच वर्णन "खास तुझं" म्हणून दिलं आणि त्यांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले! त्यामुळे पान काढायच्या आधीच संशयितांची नावं कागदावर लिहायची आणि पान आल्यावर त्यातली किती जणांना बसतं ते मोजायचं. पाचातल्या चौघांना बसत असेल तर पानाने काहीच सांगितलेलं नाही.

अजून एक घोळ नेहमी होतो. पेज म्हणजे जुन्या पद्धतीत निरोप किंवा चिठ्ठीसुद्धा, त्यामुळे पेज ऑफ कप्स आलं, ज्याच्या कपातून मासा डोकावतो ते, तर तो माणूस नसून येणारा मेसेज असू शकतो, आणि क्वीन आली तर कधी कधी ती विचारणारी स्वतःच असते.