अभ्यासाचं टेबल, वही आणि पिवळा हायलायटर

एसएसएलसीची परीक्षा जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: पोरांना हिरवं टेबल घ्या, उत्तरेला तोंड करून बसवा, पाठांतर पक्कं होतं. रंगाला आणि दिशेला असली शक्ती असल्याचा काहीही पुरावा नाही. टेबलाचा रंग डोळ्यांवर परिणाम करतो हे मात्र खरं, फक्त त्याचं कारण वेगळं आहे.

पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो. काळा किंवा गडद चॉकलेटी सनमायका जेमतेम ५ टक्के. म्हणजे वही टेबलापेक्षा १६ पट उजळ. नजर वहीवरून टेबलावर आणि परत वहीवर गेली की बाहुलीला आणि दृष्टिपटलाला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. प्रकाशयोजनेतला जुना नियम सांगतो की कामाची जागा आणि तिच्या लगतचा भाग यांच्या उजळपणात तिपटीहून जास्त फरक नको. फिकट लाकडी रंगाचं टेबल ४० टक्के उजेड परत देत असेल, तर फरक दुपटीवर येतो. तेवढाच फिकट हिरवा किंवा राखाडी रंगही चालेल.

चकचकीत सनमायका मात्र कुठल्याही रंगाचा वाईट. वहीच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि नेहमीसारखे बसा. आरशात बल्ब दिसला, तर त्या जागेवरची चमक थेट डोळ्यांत येते आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे सरकवावा. वहीचा कागद पांढरा असो की किंचित पिवळसर, गुळगुळीत चमकणारा नसला म्हणजे झालं.

आता हायलायटर. पिवळ्या हायलायटरमधलं रंगद्रव्य जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतं आणि तीच ऊर्जा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतं. डोळा भरपूर उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे नेमक्या याच पट्ट्यातल्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. म्हणून रेघ उठून दिसते, आणि पार्श्वभूमी उजळच राहिल्याने काळी अक्षरंही ठळक वाचता येतात. गडद जांभळ्या किंवा निळ्या हायलायटरने पार्श्वभूमी काळवंडते, अक्षरं तिच्यात बुडतात, आणि वाचताना डोळे ताणावे लागतात.

आठवणीचं काय? हेडविग फॉन रेस्टोर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्ये दाखवलं की एकसारख्या गोष्टींत जी एकटीच वेगळी असते ती जास्त लक्षात राहते. २५ ओळींच्या पानावर दोन ओळी पिवळ्या केल्या तर त्या वेगळ्या पडतात. पंधरा केल्या तर उरलेल्या दहाच वेगळ्या दिसू लागतात. चार रंग वापरायचे असतील तर प्रत्येकाला एकच काम ठरवून द्यावं, उदाहरणार्थ व्याख्या पिवळी, सूत्र गुलाबी.

२०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. नुसतं रेघा मारणं कमी उपयोगाचं ठरलं, स्वतःची चाचणी घेणं सर्वांत उपयोगी ठरलेल्या दोन पद्धतींपैकी एक. तेव्हा त्या दोन पिवळ्या ओळी वही मिटून कोऱ्या कागदावर लिहून पाहाव्यात आणि मगच पान उलटावं.