नदीच्या वाटेवरील राज्यांचा क्रम

एखादी नदी कोणकोणत्या राज्यांतून किंवा देशांतून वाहते, ते उगमापासून सुरुवात करून मुखापर्यंत ओळीने सांगणे म्हणजे त्या नदीचा राज्यक्रम. शाळेतल्या नकाशावाचनात आणि स्पर्धा परीक्षांत हा प्रश्न नेहमी येतो. गोदावरीचे उत्तर बहुधा ‘महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश’ असे पाठ असते. मराठवाड्यात काठावरची माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगापूर, गंगाखेड ही नावे त्यातूनच आली. त्यामुळे ‘गंगा कुठून वाहते’ या प्रश्नाला इथल्या लेकरांजवळ घरचे एक आणि पुस्तकातले एक अशी दोन उत्तरे असतात, आणि दोन्ही खरी असतात. हा क्रम नेमका कसा लावायचा आणि कुठे चुकतो, हे समजायला मराठवाड्यातल्याच दोन नद्या पुरेशा आहेत : मांजरा आणि गोदावरी.

मूळ नियम एवढाच की नकाशावरची दिशा विसरायची आणि पाण्याबरोबर चालायचे. राज्य नकाशात डावीकडे आहे की वर आहे, याचा क्रमाशी संबंध नाही. पाण्याने ज्या राज्याला आधी स्पर्श केला, ते आधी. नदीचा डावा-उजवा काठही असाच ठरतो : पाणी जिकडे चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला डावा काठ. जायकवाडीचा डावा कालवा आणि उजवा कालवा हे शब्द परभणी-बीडकडचा शेतकरी रोज वापरतो, ते याच हिशेबाने. गोदावरी पूर्वेला वाहते, म्हणून तिचा डावा काठ उत्तरेचा. पण नदी वळली की डाव्या काठाची दिशाही वळते, आणि हेच मांजरेच्या बाबतीत विसरले जाते.

मांजरा बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरात, गवळवाडीजवळ उगम पावते. तिथून ती बीड, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांच्या अंगाने आग्नेयेला आणि पूर्वेला जाते. लातूरला पाणी पुरवणारे धनेगावचे धरण याच टप्प्यात येते. पुढे तेरणा तिला मिळते आणि ती कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात शिरते. बिदर ओलांडून ती तेलंगणात उतरते आणि तिथे सिंगूर हा मोठा जलाशय लागतो. इथपर्यंत महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा असा क्रम सरळ लागतो. पण सिंगूरच्या पुढे नदी उत्तरेकडे वळते, 1931 साली बांधून झालेल्या निजामसागर धरणातून पुढे निघते आणि चक्क परत मराठवाड्याच्या दिशेने येते. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीच्या पूर्वेला ती महाराष्ट्र आणि तेलंगणा यांची हद्द होते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. ही सारी वाट 724 किलोमीटरची.

बिलोलीहून बोधनकडे जाताना येसगीचा पूल लागतो. पुलावर थांबून पाण्याच्या ओघाकडे तोंड केले, तर समोर उत्तर दिशा असते. डाव्या हाताला बिलोली तालुका, म्हणजे महाराष्ट्र. उजव्या हाताला सालुरा, म्हणजे तेलंगणा. इथल्या माणसाला मांजरा दक्षिणेकडून, तेलंगणातून येताना दिसते, म्हणून ‘ही नदी तिकडची’ असे त्याला वाटले तर त्यात नवल नाही. लातूरच्या माणसाला तीच नदी आपल्याकडून बाहेर जाताना दिसते. दोघांनी आपापल्या काठावरून क्रम लावला, तर एकाच्या यादीत तेलंगणा आधी येईल आणि दुसऱ्याच्या यादीत शेवटी. म्हणून आपल्या गावापासून सुरुवात करण्याची खोड सोडावी लागते. सुरुवात गवळवाडीपासूनच.

आता मांजरेचा क्रम लिहायचा कसा? परीक्षेच्या उत्तरात प्रत्येक राज्य एकदाच, पहिल्या स्पर्शाच्या जागी येते : महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा. पण नदीची वाट खरोखर सांगायची असेल, तर शेवटी ‘आणि पुन्हा महाराष्ट्र-तेलंगणा हद्द’ हे जोडायलाच हवे. ते गाळले तर मांजरा तेलंगणाच्या पोटात संपते असा समज होतो आणि देगलूर-बिलोलीचा काठ कागदावरून पुसला जातो.

या क्रमातली सगळ्यांत मोठी गल्लत मात्र वेगळी आहे : नदी जिथून वाहते ती राज्ये आणि नदीला जिथून पाणी मिळते ती राज्ये एकच धरणे. गोदावरीच्या उत्तरात अनेकदा कर्नाटक घातलेले दिसते. गोदावरी कर्नाटकाच्या मातीला कुठेही शिवत नाही. पण गोदावरी पाणीवाटप लवादापुढे महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि आंध्र प्रदेश अशी पाच राज्ये होती. 1980 साली निवाडा आला, त्यातही कर्नाटक होते. त्याचे कारण मांजरा. बिदरच्या रानात पडलेला पाऊस मांजरेतून कंदकुर्तीला गोदावरीत येतो, म्हणून कर्नाटक खोऱ्यात मोडते, वाटेत नाही. मध्य प्रदेश वैनगंगेमुळे खोऱ्यात येतो आणि ओडिशा इंद्रावती व शबरीमुळे. गल्लत ओळखायची खूण सोपी आहे : यादीतल्या प्रत्येक राज्यात खुद्द गोदावरीच्या काठावरचे एक तरी गाव सांगता आले पाहिजे. महाराष्ट्रासाठी नाशिक, पैठण, नांदेड, तेलंगणासाठी बासर, भद्राचलम, आंध्रासाठी राजमहेंद्री. कर्नाटकासाठी असे गाव सापडत नाही.

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि 1465 किलोमीटर वाहते. पैठण, गंगाखेड, नांदेड अशी मराठवाड्याची वाट संपवून ती धर्माबाद तालुक्यातून बाहेर पडते आणि तेलंगणात शिरते. बहुतेक याद्यांत महाराष्ट्राचा विषय इथेच मिटतो. प्रत्यक्षात तो मिटत नाही. पुढे कालेश्वरमजवळ प्राणहिता येऊन मिळाली की गोदावरीचा डावा काठ पुन्हा महाराष्ट्राचा होतो : गडचिरोली जिल्ह्यातला सिरोंचा तालुका. उजवा काठ तेलंगणाचा राहतो. याच पट्ट्यात तेलंगणाने मेडीगड्डा बंधारा बांधला. त्याचे डावे टोक सिरोंचाच्या जमिनीत टेकते, म्हणून त्यासाठी 2016 साली दोन राज्यांना करार करावा लागला. त्यापुढे इंद्रावती मिळते, ती जागा महाराष्ट्र, छत्तीसगड आणि तेलंगणा यांच्या सीमांची. तिथून थोडे अंतर डावा काठ छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्याचा असतो. नंतर दोन्ही काठ तेलंगणाचे, मग भद्राचलमच्या खाली आंध्र.

नुसता एक काठ लाभलेले राज्य यादीत धरायचे की नाही, याबाबत आपल्याकडे एकवाक्यता नाही, आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवी. नर्मदेच्या यादीत महाराष्ट्र नेहमी असतो, पण नंदुरबारच्या उत्तर टोकाला नर्मदा केवळ हद्द म्हणून वाहते. तोच न्याय लावला तर गोदावरीच्या यादीत छत्तीसगड यायला हवे, पण ते क्वचितच येते. युरोपातल्या डॅन्यूबच्या दहा देशांत मोल्दोव्हा मोजला जातो, आणि त्याच्या वाट्याला एक किलोमीटरपेक्षाही कमी काठ आहे. काठ लाभला तर नाव धरावे, पण पुढे ‘हद्द’ असे लिहावे, ही रीत योग्य. त्यात काही लपत नाही आणि काही फुगतही नाही. तसे लिहिले तर गोदावरीची ओळ अशी होते : महाराष्ट्र, तेलंगणा, मग महाराष्ट्र-तेलंगणा हद्द, छत्तीसगड-तेलंगणा हद्द, पुन्हा तेलंगणा आणि शेवटी आंध्र प्रदेश.

क्रम बरोबर आहे का, हे तपासायला उंचीही उपयोगी पडते. पाणी खालीच जाते, म्हणून वाटेतली धरणे ओळीने मांडली तर त्यांची पातळी उतरत गेली पाहिजे. पैठणच्या नाथसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 464 मीटर, धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याची 338 आणि तेलंगणातल्या श्रीरामसागराची सुमारे 332.5 मीटर. बाभळी आणि श्रीरामसागर यांत इतका थोडा फरक आहे की श्रीरामसागर भरला की त्याचा फुगवटा मागे सरकत महाराष्ट्राच्या हद्दीत येतो. भरल्या पाण्यात एक राज्य संपून दुसरे कुठे सुरू झाले, ते डोळ्यांना दिसत नाही. ते नकाशावरच पाहावे लागते. बाभळीचा वाद यातूनच उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 रोजी निकाल दिला, त्यानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे असतात आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे असते.

हा निकाल महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यातला होता. 2 जून 2014 रोजी तेलंगणा वेगळा झाला आणि बाभळीच्या खालचे राज्य बदलले. नदी होती तिथेच राहिली. म्हणून 2014 च्या आधीच्या पुस्तकात गोदावरीपुढे ‘महाराष्ट्र, आंध्र प्रदेश’ एवढेच दिसले तर ती चूक समजू नये. आणखी मागे, 1956 पूर्वी, मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तेव्हा नाशिकहून निघालेली गोदावरी मुंबई राज्यातून हैदराबादेत शिरे, आणि नांदेडपासून बासरपर्यंत जाताना तिला राज्याची एकही हद्द ओलांडावी लागत नसे. नांदेडचा आजा आणि नातू एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे देतात, ती यामुळे. राज्यक्रम लिहिताना तो कोणत्या सालचा, हे सोबत लिहावे.

मुखाशीही एक पेच आहे. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमजवळ गोदावरी फुटते. गौतमी आणि वसिष्ठा या तिच्या मुख्य शाखा. गौतमीच्या काठावर यानम आहे, आणि ते पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. गौतमीने गेले तर ओळीत आंध्रानंतर पुदुच्चेरी येते. वसिष्ठेने अंतर्वेदीला गेले तर येत नाही. प्रश्नात ‘राज्ये’ म्हटले असेल तर यानम गळते, ‘राज्ये व केंद्रशासित प्रदेश’ म्हटले असेल तर ते धरावे लागते.