स्टेपर मोटारीचे स्टेप चुकणे

छोट्या मशीनमधील स्टेपर मोटार आदेशाप्रमाणे पूर्ण न फिरता मागे राहते किंवा जागीच अडकते, त्या बिघाडाला स्टेप चुकणे म्हणतात. अशा मशीनमध्ये अक्षाची खरी जागा सांगणारा एन्कोडर सहसा नसतो. त्यामुळे अक्ष सरकला तरी कंट्रोलरला ते कळत नाही आणि पुढचे सगळे काम सरकलेल्या जागी होत राहते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पितळी नेमप्लेट कोरणारे एखादे मशीन धरू. त्यात १.५ अँपिअरची नेमा १७ मोटार, ए४९८८ ड्रायव्हर आणि ८ मिलिमीटर लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात अक्ष ८ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू आहे. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० स्टेप असतात, म्हणजे एका पूर्ण स्टेपला ०.०४ मिलिमीटर. रोटर घसरला की तो चार स्टेपच्या पटीतच घसरतो, कारण तेवढ्या अंतराने चुंबकीय स्थिती पुन्हा तीच येते. म्हणून आधी चूक मोजावी. ती ०.१६ मिलिमीटरच्या पटीत असेल तर रोटर घसरला आहे. पटीत बसत नसेल तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी कपलिंगचा स्क्रू आणि सिग्नलची वायर तपासावी.

रोटर घसरतो म्हटले की बहुतेक जण करंट वाढवतात, आणि इथेच गफलत होते. या ड्रायव्हरवर करंटची मर्यादा Vref या व्होल्टेजने ठरते. त्याचे सूत्र Vref = 8 × I × Rs असे आहे; I म्हणजे करंट आणि Rs म्हणजे बोर्डवरचा करंट मोजणारा रेझिस्टर. हा रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट लागतात. हीट सिंक आणि पंखा नसताना साधारण १ अँपिअरच्या पुढे गेले की चिप तापते आणि स्वतःचे संरक्षण म्हणून आउटपुट बंद करते. सकाळी मशीन व्यवस्थित चालते, पंधरा-वीस मिनिटांनी मोटार क्षणभर गप्प होते, त्या क्षणी शाफ्ट हाताने सहज फिरतो आणि मग पुन्हा पकड येते. ही खूण ओव्हरहीटची. इथे करंट वाढवला तर दुखणे वाढते. कमी करून पंखा लावावा. मोटार मात्र हाताला चटका बसण्याइतकी तापली, तरी तेवढ्याने ती बिघडली असे होत नाही.

थंड मशीनही हळू, खोल कापताना घसरत असेल तर करंट खरोखर कमी आहे. हळू चालताना ठीक आणि वेगात घसरत असेल तर अडचण बहुधा व्होल्टेजची असते. वेग वाढला की कॉइलमध्ये करंट चढायला वेळ पुरत नाही, आणि Vref वाढवून तो चढत नाही. मीटर ड्रायव्हरच्या टर्मिनलवर लावून दोन्ही अक्ष एकदम पळवावेत. १२ व्होल्ट तिथे बरेच खाली येत असतील तर सप्लाय कमी पडतो आहे किंवा वायर बारीक, टर्मिनल सैल आहे. सप्लाय पक्का असूनही घसरत असेल तर ॲक्सिलरेशन कमी करावे किंवा २४ व्होल्टवर जावे. ड्रायव्हरला ते चालते; बाकी बोर्ड आणि पंखे १२ व्होल्टचे नाहीत ना, हे आधी पाहावे.

गाडा एका ठराविक जागी आला की मोटार थरथरते आणि फिरत नाही, तेव्हा हलत्या केबलमधील तुटलेली तार शोधावी. पॉवर बंद करून प्लग काढावा आणि केबल वाकवत प्रत्येक कॉइलचा रेझिस्टन्स पाहावा. चालू असताना मोटारीचा प्लग कधीच काढू नये, त्याने ड्रायव्हर जळतो.