बचत वाढवली की वाढ कायमची वाढते का? सोलोचं मॉडेल आणि गोल्डन रूल

देशाने बचत वाढवली की देश कायमचा जास्त वेगाने वाढत राहणार, हे इतकं सरळ वाटतं की त्यावर कोणी शंकाच घेत नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1956 साली एक साधं मॉडेल मांडलं, त्यात उत्तर वेगळं येतं. बचत वाढली की देश श्रीमंत होतो, पण वाढीचा वेग काही वर्षांनी परत खाली येतो.

का ते समजायला धारावीतला शिलाईचा एक कारखाना घ्या. दहा कारागीर आणि मशिनं दोनच असतील तर तिसरं मशिन आल्यावर माल धडाधड वाढतो. पण दहा कारागिरांकडे वीस मशिनं झाली की एकविसावं मशिन जवळजवळ नुसतं कोपऱ्यात उभं राहणार. मात्र खराब होण्याचं काम प्रत्येक मशिन इमानेइतबारे करतं, मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत तर जास्तच. म्हणजे मशिनं वाढवत गेलात की जास्तीचं उत्पन्न कमी कमी होत जातं आणि घसारा मात्र मशिनांच्या प्रमाणात वाढतच राहतो, आणि सगळं मॉडेल या दोन गोष्टींवर उभं आहे.

आता पूर्ण देशाचे आकडे घेऊ. समजा माणशी भांडवल, म्हणजे मशिनं वगैरे, लाखात मोजलं तर माणशी उत्पन्न त्याच्या वर्गमुळाइतकं येतं, घसारा वर्षाला 10 टक्के, लोकसंख्या स्थिर, आणि लोक उत्पन्नाच्या 30 टक्के वाचवून सगळे नव्या भांडवलात घालतात. भांडवल 9 लाख असताना उत्पन्न 3 लाख, त्यातली बचत 90 हजार, आणि 9 लाखांवरचा घसाराही 90 हजारच! आलेलं सगळं नवं भांडवल जुन्याची भरपाई करण्यातच संपलं, त्यामुळे पुढच्या वर्षीही 9 लाखच. हीच स्टेडी स्टेट. भांडवल यापेक्षा कमी असेल तर बचत घसाऱ्याला भारी पडते आणि ते वर चढतं, जास्त असेल तर उलटं होतं, म्हणजे सुरुवात कुठूनही करा, शेवटी इथेच यायचं.

आता बचत 30 वरून एकदम 50 टक्के करा. पहिल्याच वर्षी उत्पन्न तेच 3 लाख, पण खायला-ल्यायला 2 लाख 10 हजारांऐवजी फक्त दीड लाख उरले. बदल्यात भांडवल वाढायला लागतं, उत्पन्न पहिल्या वर्षी साधारण 3.3 टक्के वाढतं, दुसऱ्या वर्षी 3 टक्के, मग अजून कमी, असं करत भांडवल 25 लाखांकडे आणि उत्पन्न 5 लाखांकडे सरकतं आणि तिथे वाढ परत शून्य. नवीन स्टेडी स्टेटला खर्चाला अडीच लाख मिळतात, म्हणजे आधीपेक्षा चांगलंच. पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते, खर्च परत जुन्या 2 लाख 10 हजारांवर यायलाच साधारण 18 वर्षं लागतात! ज्यांनी पोट आवळलं त्यातल्या वयस्कर लोकांच्या हाती फळ येतच नाही.

मग बचत अजून वाढवू, 60 टक्के. भांडवल 36 लाख, उत्पन्न 6 लाख, आणि खर्चाला? 2 लाख 40 हजार. कमी झाले की! उत्पन्न वाढलं पण ते सगळं आणि वर थोडं मशिनांची भरपाई करण्यातच गेलं. कायमचा खर्च जिथे सगळ्यात जास्त असतो ती भांडवलाची पातळी म्हणजे गोल्डन रूल, हे नाव एडमंड फेल्प्स यांनी 1961 साली दिलं. आपल्या उदाहरणात ती 25 लाख आहे. खूण सोपी आहे, शेवटच्या एका रुपयाच्या भांडवलाने वर्षाला जितकं उत्पन्न वाढतं तितकाच त्याचा घसारा असला पाहिजे. 25 लाखांवर ते बरोबर 10 पैसे येतं, 9 लाखांवर जवळपास 17 पैसे, 36 लाखांवर 8 पैशांच्या आसपास.

दोन्ही बाजूंनी तिथे पोचणं सारखं नाही हे मात्र नीट बघा. 36 लाखांवरून 50 टक्के बचतीवर आलात तर खर्च त्याच दिवशी 3 लाख होतो, मग हळूहळू उतरत अडीच लाखांवर थांबतो आणि मधे एकदाही 2 लाख 40 हजारांच्या खाली जात नाही. आजच्यांचाही फायदा, उद्याच्यांचाही. म्हणजे जास्त बचत करून बसलेला देश सगळ्यांचंच नुकसान करत असतो.

खऱ्या देशात लोकसंख्या वाढते, तंत्रज्ञान सुधारतं, मग घसाऱ्यात हे दोन्ही दर मिळवावे लागतात आणि माणशी उत्पन्नाची जी वाढ शेवटी टिकते ती तंत्रज्ञानामुळेच. तिथे तपासायची एक युक्ती आहे, भांडवलातून मिळणारी कमाई दरवर्षी नव्या गुंतवणुकीपेक्षा जास्त आहे का ते बघायचं. जास्त असेल तर देश गोल्डन रूलच्या खाली आहे. 1989 साली चार अर्थतज्ज्ञांनी अमेरिका आणि इतर काही श्रीमंत देशांचे आकडे असे लावून बघितले, कमाई जास्तच निघाली. म्हणजे ते देश आपल्या 9 लाखांच्या बाजूचे, 36 च्या नाही, आणि तिथे बचत वाढवायची तर आधी खर्चाला कात्री लागणारच.