बाल न्याय मंडळ

बाल न्याय मंडळ म्हणजे 18 वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप आल्यास त्याची चौकशी करणारे, 2015 च्या बाल न्याय अधिनियमाखाली स्थापन झालेले न्यायपीठ होय. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवी सदस्य असतात. त्या दोघांपैकी किमान एक महिला असावी लागते. नियमांनुसार मंडळ उंच चौथऱ्यावर बसत नाही आणि मुलाला पिंजऱ्यात उभे केले जात नाही. कायदा त्याला आरोपी न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो.

सोळा वर्षांच्या एका मुलाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतले, असे समजू. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत मंडळापुढे हजर करावे लागते. पालकांना कळवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. या घाईत पालकांनी सर्वांत आधी शोधावा तो वयाचा पुरावा, कारण पुढचे सारे त्यावरच उभे असते. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र प्रथम ग्राह्य धरले जाते, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. शाळेत नाव घालताना अंदाजे तारीख लिहिली गेली असेल, तर ती चूक इथे फार महागात पडते. मोजायचे वय घटनेच्या दिवशीचे असते, हजर केल्याच्या दिवशीचे नव्हे. पोलिसांच्या कागदावर चुकून 19 लिहिले गेले असेल, तर हा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो.

जामीन हा येथे नियम आहे, गुन्हा अजामीनपात्र असला तरीही. सुटल्यावर मूल गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्या जिवाला वा मनाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे मंडळाला वाटले तरच तो नाकारला जातो, आणि त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. अशा वेळी मूल निरीक्षणगृहात राहते.

त्यानंतर परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरची परिस्थिती, शाळा आणि संगत यांची माहिती घेऊन दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल देतो. पालक बहुधा इथेच चुकतात: मूल कधीपासून शाळा बुडवते, घरात कोणाचे व्यसन आहे, हे लाजेपोटी दडवतात, आणि मग मुलाला नेमकी कोणती मदत हवी हे मंडळाला कळतच नाही.

चौकशी चार महिन्यांत संपावी लागते, दोन महिने वाढवून मिळू शकतात. चोरीसारखा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा किरकोळ गणला जातो, आणि तेवढ्यात चौकशी न संपल्यास ती बंदच होते. वकील परवडत नसेल तर विधिसेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. दोष सिद्ध झाला तरी समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून दंड किंवा देखरेख असे आदेश होतात. दोषी ठरलेल्या मुलांना सुधारणेसाठी ठेवतात त्या विशेषगृहात पाठवल्यास मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसते. किमान सात वर्षे शिक्षेच्या क्रूर गुन्ह्यात मात्र 16 ते 18 वयाच्या मुलाच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन होऊन, प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते.